नोटीस बोर्डावरच्या दूध संकलनाच्या आलेखाबद्दल सभासदांना पत्र

खानापूर तालुका, जि. बेळगाव
ता. 4 जून 2025

सर्व सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

सोमवारी डेअरीत आलेख लावल्यापासून "डेअरी बुडाली" अशी चर्चा पारावर सुरू आहे. थोडी चूक माझीच. कागद अपुरा पडू नये म्हणून मी डावीकडचे आकडे 0 ऐवजी 400 लिटरपासून धरले. त्यामुळे मे महिन्याचा ठिपका तळाला टेकल्यासारखा दिसतो. तो शून्य नाही, रोजचे सरासरी 430 लिटर आहे.

निळी रेघ गेल्या वर्षीची, लाल यंदाची. डिसेंबरात गेल्या वर्षी रोज 640 लिटर दूध होते, यंदा 630. उन्हाळ्यात म्हशी आटतात, कारखाने बंद झाले की उसाचे वाडेही मिळत नाही. म्हणून निळी रेघसुद्धा मेपर्यंत 520 वर आलीच होती. नुसत्या उतरत्या रेघेला घाबरू नका. दोन रेघांमधले अंतर बघा. मार्चपर्यंत त्या जवळजवळ चिकटून आहेत, एप्रिलपासून फाटल्या, आणि मे महिन्यात 90 लिटरचा फरक पडला.

हे 90 लिटर गेले कुठे? म्हणून मी रजिस्टरातून सकाळ-संध्याकाळ वेगळी काढली. गेल्या मे महिन्यात सकाळी 290, संध्याकाळी 230. यंदा सकाळी 275, संध्याकाळी 155. सकाळी दूध देणारी म्हैस संध्याकाळी भाकड होत नाही! दूध गोठ्यात आहे, डेअरीत येत नाही. लग्नसराईत बेळगावात कुंद्याला, खव्याला दूध लागते आणि टेम्पोवाला दारात रोख पैसे मोजतो, हे मलाही माहीत आहे.

पण तो एप्रिलमध्येच का आवडू लागला? मार्चमधले दहा दिवसांचे एक बिल आपण 11 दिवस उशिरा दिले. आलेखात कारण लिहिलेले नसते, तरी माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे. कुणावर बोट दाखवण्यासाठी हे पत्र नाही.

टेम्पोचा दर लिटरला 2 रुपये जास्त दिसतो, हे खरे. मात्र सरकारचे लिटरमागे 5 रुपये प्रोत्साहन धन संस्थेत घातलेल्या दुधावरच मिळते, आणि दिवाळीचा बोनसही त्याच लिटरवर धरला जातो. घरी हिशेब करताना तेवढे मिळवून बघा.

शेतातून यायला उशीर होतो अशी अनेक वहिनींची तक्रार होती, ती रास्त आहे. सोमवारपासून संध्याकाळचे संकलन 7 ऐवजी 7:45 पर्यंत राहील. फॅट तुमच्यासमोर लावली जाईल. बिलाच्या तारखेचे काय करायचे ते रविवारी, ता. 8 जूनला सकाळी 10 वाजता मारुती देवळात ठरवू. येताना दुधाचे पुस्तक आणा. मी 0 पासून काढलेला नवा आलेख घेऊन येतो.

आपला नम्र,
सेक्रेटरी