भाषण लिहून देशील का?

ताई, एक काम होतं. नाही म्हणू नकोस. शनिवारी संध्याकाळी निरोप समारंभ आहे आणि बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव मला न विचारताच टाकलंय. तू लिहितेस छान, तर माझं भाषण लिहून दे ना.

चार-पाच मिनिटांचं पुरे. माइक उभ्या स्टँडचा आहे, म्हणजे कागद हातात धरता येईल. माझ्याआधी तिघं बोलणार आहेत, त्यामुळे ‘आज मला दोन शब्द बोलण्याची संधी’ वगैरे नको, ते सगळं आधीच होऊन गेलेलं असेल.

ज्यांना निरोप द्यायचाय, त्यांच्याबद्दल सांगायचं तर खूप आहे. खणात एक जादा छत्री कायम असायची. पाऊस आला की ती कुणालाही द्यायचे, आणि परत आली का, हे कधी विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलभर शोधायचे. यातलं काय घ्यायचं ते तूच ठरव. शेवटी एखादी चारोळी टाक, पण ‘उंच भरारी’वाली नको.

शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठव, मला पाठ करायला वेळ लागतो. आणि टाइप करून दे, तुझं अक्षर मला लागत नाही.