खोलीत जेवण : पदार्थ, लागणारा वेळ, ट्रे चार्ज आणि रात्रीचे नियम

ऑर्डरसाठी खोलीतल्या फोनवरून ९ दाबा. सकाळी ६ ते रात्री ११ हा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाजतो, त्यानंतर रिसेप्शनवर. फोन घेणारा तुमची ऑर्डर परत वाचून दाखवेल. ती नीट ऐकून 'हो' म्हणा, कारण खाली दिलेला वेळ तिथपासून मोजला जातो. चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट जात नाही, शेवटचा जिना ट्रे हातात धरून चढावा लागतो. तिथल्या खोल्यांनी प्रत्येक वेळेत पाच मिनिटं वाढवून धरावीत.

वेळा आम्ही खऱ्याच छापल्या आहेत. 'आलंच, पाच मिनिटांत' असं फोनवर कुणी सांगितलं, तर त्याच्यापेक्षा या कागदावर विश्वास ठेवा.

सकाळ (६.३० ते ११)

चहा ₹३०, गुळाचा चहा ₹३५, कॉफी ₹४०. १० मिनिटं.
कांदेपोहे ₹७०, उपमा ₹७०. १५ मिनिटं.
ऑम्लेट-पाव ₹९०. १५ मिनिटं.
कोल्हापुरी मिसळ ₹११०. १५ मिनिटं. सोबत ब्रेडचे दोन स्लाइस, कांदा, लिंबू. जादा कट मागाल तेवढा, पैसे नाहीत.
थालीपीठ, लोणी आणि दही ₹१२०. २५ मिनिटं.
साबुदाण्याची खिचडी ₹११०. २० मिनिटं. रोज थोडीच होते. उपवास असेल तर आदल्या रात्री ९ पर्यंत सांगा, म्हणजे साबुदाणा तुमच्या हिशेबाने भिजत घालू. सकाळी आठला आठवण झाली, तर राजगिऱ्याचे लाडू आणि केळी एवढंच हातात राहतं.

तिखट झेपत नसेल, तर मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागा आणि आपल्या हाताने घाला. कटात पाणी ओतून मिसळ सौम्य करून पाठवा, अशी ऑर्डर आम्ही घेत नाही. तिखट जेमतेम उतरतं, चव मात्र पार जाते.

पहाटे अंबाबाईच्या दर्शनाला निघणाऱ्यांना ४ वाजल्यापासून चहा-बिस्किटं मिळतील, फक्त आदल्या रात्री १० च्या आत वेळ सांगून ठेवा. या चहाला ट्रे चार्ज नाही.

दुपार (१२ ते ३.१५) आणि रात्र (७.३० ते १०.४५)

मटण थाळी ₹४२० : सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दोन भाकरी किंवा तीन चपात्या, भात, कांदा-लिंबू. ३० मिनिटं.
चिकन थाळी ₹३४० : याच पद्धतीची. ३० मिनिटं.
अंडा करी ₹१९०. २५ मिनिटं.
पिठलं-भाकरी थाळी ₹१९० : ठेचा, दही आणि कच्चा कांदा सोबत. ३० मिनिटं.
अख्खा मसूर ₹१८०. २० मिनिटं.
व्हेज कोल्हापुरी ₹२२०. २५ मिनिटं.
डाळ-खिचडी, कढी, पापड ₹१८०. २५ मिनिटं.
दहीभात ₹१४०. १० मिनिटं.
भाकरी (ज्वारी) ₹२५, चपाती ₹२०, साधा भात ₹९०, दही ₹४०, सोलकढी ₹५०.
पाण्याची बाटली छापील किमतीला. जगमधलं गाळलेलं पाणी फुकट, हवं तितक्या वेळा.

मटण दिवसातून दोनदा शिजतं, दुपारसाठी आणि रात्रीसाठी. संपलं की संपलं. पावणेदहाला 'फक्त एक प्लेट बघा ना' म्हटलं, तरी कच्चं मटण अर्ध्या तासात शिजत नाही. थाळी नक्की हवी असेल, तर संध्याकाळी ७ च्या आत नोंदवून ठेवा. तुमच्या नावाचा वाटा बाजूला काढला जाईल. तो रात्री ९.३० पर्यंत राखू.

पांढरा रस्सा झाकणाच्या भांड्यात येतो. आल्या आल्या प्या. त्यात नारळाचं दूध असतं, तो पुन्हा खळखळून उकळला की फाटतो. म्हणून 'जरा गरम करून आणा' म्हणून परत पाठवलेला पांढरा रस्सा आम्ही तापवत नाही. शिल्लक असेल तर दुसरी वाटी देतो, तिचे पैसे नाहीत. तांबड्याला ही नाटकं नाहीत, तो कितीही वेळा तापवा.

भाकरीचा हिशेब वेगळा आहे. ऑर्डर आल्यावर पीठ मळून थापतो, आणि आमच्याकडे भाकरीचे तवे दोन. चार भाकऱ्यांपर्यंत वरचा वेळ पुरतो. त्यापुढे दर दोन भाकऱ्यांना पाच मिनिटं वाढवा. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल, तर अर्ध्या भाकऱ्या आणि अर्ध्या चपात्या सांगा. सगळ्यांची ताटं एकाच वेळी येतील. नाहीतर पहिल्याचं जेवण होईपर्यंत शेवटचा भाकरीची वाट बघत बसतो.

कांदा-लसूण नसलेलं जेवण रात्री ९.३० पर्यंत मिळेल, वेळ दहा मिनिटं जास्त. मिसळ, अख्खा मसूर आणि व्हेज कोल्हापुरी यांत मात्र कांदा-लसूण मसालाच असतो, तो वगळून हे पदार्थ होत नाहीत. शेंगदाणे, तीळ किंवा सुकं खोबरं चालत नसेल तर फोनवर सर्वांत आधी ते सांगा, पदार्थ नंतर. आमच्या बहुतेक मसाल्यांत यांतलं काहीतरी असतं. शाकाहारी आणि मांसाहारी यांची भांडी, पळ्या आणि शेगड्या वेगळ्या आहेत.

दुपारी ३.१५ ते ७.३० या वेळात चहा, कॉफी, पोहे, भडंग आणि कांदाभजी (₹९०, २० मिनिटं) एवढंच. या वेळात स्वयंपाकघरातली माणसं जेवतात आणि थोडी पाठ टेकतात.

ट्रे चार्ज

खोलीत जेवण आणून देण्याचा आकार सकाळी ६ ते रात्री ११ या वेळात ₹४०, रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात ₹६०. तो एका ऑर्डरला एकदा लागतो. ताटं किती, माणसं किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'आधी सोलकढी आणि भडंग, जेवण अर्ध्या तासाने' असं एकाच फोनवर सांगितलंत, तर आम्ही दोनदा येऊ आणि आकार एकदाच लावू. जेवता जेवता आणखी दोन भाकऱ्या किंवा भात लागला, तर त्या फेरीचेही पैसे नाहीत. तासाभराने नवी ऑर्डर दिली तर आकार पुन्हा.

ट्रे चार्ज लागत नाही तो असा : जेवणाची रक्कम ₹१,००० च्या वर असेल, ६५ वर्षांवरील, आजारी किंवा जिना न चढू शकणाऱ्या पाहुण्यासाठी जेवण असेल, लहान बाळाचं दूध, भाताची पेज किंवा गरम पाणी असेल. यासाठी कुठलंही कार्ड किंवा दाखला मागितला जाणार नाही. सांगितलंत की पुरे.

आमची चूक असेल तेव्हाही आकार नाही. दिलेल्या वेळेपेक्षा १५ मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर ट्रे चार्ज आपोआप निघतो. निघाला नसेल तर बिलावर सही करण्याआधी सांगा. पदार्थ विसरला किंवा चुकीचा आला, तर दुसरी फेरी अर्थातच आमच्या खर्चाने.

बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, तो ट्रे चार्ज धरून. सर्व्हिस चार्ज आम्ही लावत नाही. उदाहरणार्थ, एक पिठलं-भाकरी थाळी १९०, एक अख्खा मसूर १८०, जादा दोन भाकऱ्या ५० : जेवण ₹४२०. ट्रे चार्ज ४०. एकूण ४६०, त्यावर कर २३. देणं ₹४८३. यापेक्षा एक रुपयाही जास्त दिसला, तर कशाचा ते विचारा. ट्रे चार्ज म्हणजे टिप नव्हे. टिप द्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. आमचा मुलगा दारात घुटमळत उभा राहणार नाही.

ऑर्डर दिल्यापासून पाच मिनिटांत रद्द केली तर काही देणं नाही. त्यानंतर पदार्थाची निम्मी किंमत. थाळी ताटात वाढून झाली असेल तर पूर्ण.

रात्री ११ नंतर

मोठ्या स्वयंपाकघरात शेवटची ऑर्डर १०.४५ ला, थाळ्यांची १०.१५ ला. ११ ला मोठ्या शेगड्या आणि धूर ओढणारा पंखा बंद होतो. तो पंखा मागच्या बाजूच्या खोल्यांच्या खिडक्यांखाली आहे आणि त्याची घरघर झोपलेल्या माणसाला उठवते. म्हणून ११ नंतर तळण नाही, फोडणीचं काही नाही, मांसाहारी रस्सा नाही. कितीही ओळखीचे असलात तरी नाही.

११ ते १ या वेळात एकच माणूस छोट्या शेगडीवर असतो. त्याच्याकडून मिळेल : दहीभात ₹१४०, मुगाची मऊ खिचडी ₹१५० (३५ मिनिटं, कुकर तेव्हाच लावतो), ऑम्लेट-पाव ₹९०, लोणी लावलेला टोस्ट ₹६०, हळद-दूध ₹५०, चहा-कॉफी. खिचडी सोडून बाकी सगळं २० मिनिटांत. एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त चार प्लेट. रात्री उशिरा पोचणारा मोठा गट असेल, तर १० च्या आत कळवा. जेवण झाकून ठेवू, पण ते ताजं नसेल हे धरून चला.

१ ते ६ या वेळात चहा, दूध, बिस्किटं, केळी आणि भडंग (₹५०) एवढंच. भडंगासोबतचा कांदा कागदात वेगळा बांधून येईल. बाळाचं दूध आणि गरम पाणी रात्रभर, कुठल्याही वेळी, आणि त्याची लाज बाळगू नका.

रात्री ११ नंतर आम्ही बेल वाजवत नाही. ट्रे निघाला की खोलीत एक फोन येईल, मग दारावर एक टकटक. दोन मिनिटांत दार उघडलं नाही तर ट्रे खाली नेऊन झाकून ठेवतो. तासाभरात कधीही ९ दाबा, पुन्हा आणू, जादा पैसे नाहीत. दाराबाहेर ट्रे ठेवून जाणं आम्ही सोडून दिलं आहे. दुसऱ्या मजल्यावर एक मांजर येतं, आणि त्याला दहीभात आवडतो.

बाहेरून जेवण मागवायला हरकत नाही. रात्री १० नंतर डिलिव्हरीचा मुलगा रिसेप्शनपर्यंतच येईल. खाली येऊन घेतलंत तर काहीच देणं नाही. आमच्या माणसाने ताटं, वाट्या, चमचे घेऊन वर आणायचं असेल, तर त्या वेळेचा ट्रे चार्ज लागेल. खोलीत विजेची शेगडी किंवा किटलीत अंडी-नूडल्स शिजवू नका. किटली पुढच्या पाहुण्याच्या चहाची आहे.

जेवण झालं की ९ दाबा, ट्रे नेतो. रात्री ११.१५ नंतर तो खोलीतच टेबलावर राहू द्या, सकाळी नेऊ.

गर्दीचे दिवस आणि गाडीचा डबा

शारदीय नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी शहर भरलेलं असतं. त्या दिवसांत वरच्या प्रत्येक वेळेत १५ मिनिटं वाढवा. उशिराची सवलतही वाढलेल्या वेळेनंतरच मोजली जाईल. तारखा लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहिलेल्या असतात.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघणाऱ्यांसाठी डबा बांधून मिळतो : चपाती-भाजी ₹१३०, दहीभात ₹१४०, चिकन सुकं आणि चपात्या ₹२४०. दुपारी ४ च्या आत सांगा. डबा संध्याकाळी ७ ला रिसेप्शनवर तयार असेल. रस्सा डब्यात देत नाही, कितीही घट्ट झाकण लावलं तरी तो बॅगेत सांडतो. डब्याला ट्रे चार्ज नाही.