पेंडिंग

बंगळूरच्या ऑफिसात मराठी कागद आला की तो प्रसादकडं यायचा. आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं काम. डिस्चार्ज समरी इंग्रजीत असायची, पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं सोबत हातानं लिहिलेला अर्ज जोडायची आणि तो टीममध्ये दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे. सुरुवातीला प्रसादला याचा अभिमान होता. 'माननीय साहेब यांस' पासून सहीपर्यंत तो सगळं वाचायचा. क्वेरी टाकायच्या आधी फोनच लावायचा. "बिल आलंय काका, तपासण्यांचे रिपोर्ट नाहीत. दवाखान्यात मागा, देतात."

हे फोन कधी बंद झाले, ते त्याला सांगता आलं नसतं. दोघंजण नोकरी सोडून गेले, त्यांच्या फायली उरलेल्यांत वाटल्या गेल्या आणि 'तात्पुरतं आहे' असं मॅनेजर म्हणाला. तात्पुरतं म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. असलं विचारत नसतातच.

मग झोप गेली. अंग मोडून यायचं, पण पहाटे तीनला टक्क जाग. रविवारी जेवण झालं की पोटात गोळा यायचा, सोमवार अजून उगवायचा असताना. पित्त असेल म्हणून त्यानं गोळ्या खाल्ल्या. थायरॉइड, बी-१२, शुगर, सगळं तपासून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल आल्याचं त्याला वाईटच वाटलं. काहीतरी निघालं असतं तर रजा तरी मागता आली असती.

आईनं गावच्या पोराबरोबर कुंदा पाठवला होता. एरवी पीजीच्या पोरांत तो रात्रभरसुद्धा टिकायचा नाही. या वेळी डबा टेबलावर तसाच राहिला. आईनं फोनवर विचारलं, तर "मस्त होता" म्हणाला. नंतर झाकण काढलं तेव्हा वर पांढरी बुरशी धरली होती, कडेला हिरवट. त्यानं झाकण परत लावलं आणि डबा होता तिथंच ठेवला. टाकून द्यायला उठायचाही कंटाळा.

दादाचा येळ्ळूरहून फोन यायचा. "काय करूलालास? फोन उचलायला काय होतंय तुला?"

"कामात आहे."

"आम्ही काय रिकामे बसलोय काय गा?"

प्रसाद यावर एकदा इतका ओरडला, की बाजूच्या खोलीतला पोरगा दारात येऊन उभा राहिला.

तरी हे सगळं त्यानं ट्रॅफिकवर, पीजीच्या जेवणावर ढकललं. खरं काय ते एका फाइलनं दाखवलं. खानापूर तालुक्यातली बाई, छातीत दुखतं म्हणून बेळगावात दाखल. फाइलमध्ये रिपोर्ट अपुरे. क्वेरी टाकली असती तर पुन्हा महिनाभर पेंडिंग राहिली असती. पान खाली सरकवताना मुलाचा अर्ज दिसला: 'आई चौथ्या दिवशी वारली.' आणि प्रसादच्या मनात पहिलं आलं ते हे, की आता डेथ समरी मागवावी लागणार, म्हणजे ही फाइल आज क्लोज होत नाही.

त्याचा हात माउसवरून निघाला. अर्ज त्यानं पुन्हा वाचला. 'खानापुरात मशीन नाही म्हणाले म्हणून बेळगावला नेले.' शब्द कळत होते, आत काही हलत नव्हतं. याचंच त्याला भ्यावं वाटलं.

डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये बोलायच्या, सावकाश. थकवा, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही एकत्र आहेत म्हणाल्या. याला बर्नआऊट म्हणतात. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये याची नोंद आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून केलीय. मग त्यांनी विचारलं, "रजेवरून परत गेलात की फायली तेवढ्याच असणार का?"

हो, तेवढ्याच.

"मग नुसत्या रजेनं काय होणार?"

त्यानं मेल लिहिली: पंधरा दिवस रजा, आणि परत आल्यावर दिवसाच्या फायलींना मर्यादा. दुसरं वाक्य त्यानं दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. मॅनेजरचं उत्तर आलं: रजा मंजूर, बाकीचं बघूया. मेल पाठवण्याआधी त्यानं खानापूरच्या त्या पोराला फोन करून कोणता कागद कुठून घ्यायचा ते सांगितलं होतं. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, पण सांगितलं.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बेळगावात पोचली. स्टेशनवर दादा गाडी घेऊन आला होता. काहीच विचारलं नाही, बॅग पुढं घेतली. घरी बाबांनी मात्र चहा ओठाला लावायच्या आधीच विचारलं, "नोकरी सोडून आलास काय?"

"नाही. अजून नाही."

"अजून म्हणजे?"

"त्याला चहा तरी पिऊ देशीला काय?" आतून आई म्हणाली.

दादा दारात चपला घालत होता. "भात कापायला माणसं आलीत. येतोस काय?"

"नाही," प्रसाद म्हणाला. "झोपणार आहे."