पगारवाढ कराराच्या मीटिंगमधलं युनियन प्रतिनिधीचं भाषण

साहेब, नमस्कार. मागणीपत्र तुमच्याकडे आहेच, ते परत वाचत नाही, घरातलंच सांगतो.

मागचा तीन वर्षांचा करार ३१ मार्चला संपला. त्यात ९ हजारांची वाढ होती, पण ती सीटीसीत, पहिल्या वर्षी ५० टक्के आणि मग २५-२५, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, कँटीन सगळं त्यातच धरलेलं, त्यामुळे पोरांच्या हातात नक्की किती पडलं ते पगाराच्या स्लिपवर बघा, मी दहा जणांच्या आणल्यात. करार झाला तेव्हा मी भोसरीत वन आरके साडेसहा हजाराला घेतली होती, आज त्याच खोलीला साडेनऊ देतोय, म्हणजे तीन हजार तर घरमालकालाच गेले. वर मुलीची शाळेची फी, रिक्षा, तेलाचा डबा, आईची शुगरची औषधं. आपल्या प्रेस शॉपमधली निम्मी पोरं महिन्याच्या २० तारखेनंतर पतपेढीत उचल घेतात साहेब, हे ऐकायला पण बरं वाटत नाही.

प्रॉडक्शन आम्ही कधी थांबवलं नाही, दिवाळीतसुद्धा डिस्पॅच केलाय.

म्हणून मागणी १५ हजारांची आहे, त्यातला मोठा वाटा बेसिकमध्ये द्या कारण पीएफ त्यावर ठरतो. महागाई भत्ता फिक्स नको, ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडा. आणि १ एप्रिलपासूनचा फरक एकरकमी पाहिजे.

तुमचा आकडा आज सांगा, संध्याकाळी गेटवर सगळे वाट बघतायत.