विषय: पैठणी विणकर कुटुंबाचा फोटो (YEO_PTN_0417.jpg) – व्यक्तींची नावे आणि रिलीजबाबत खात्री हवी, १७ मार्चपर्यंत

प्रति,
परवानगी विभाग

दिनांक: ९ मार्च २०२६

देशपांडे मॅडम, नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. आमच्या इयत्ता पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'हाताने घडलेल्या वस्तू' असा पाठ आहे. त्यात पृष्ठ ६३ वर तुमच्या संग्रहातला येवल्याचा फोटो घेतला आहे: मागावर बसलेली बाई, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी, मागे उभा असलेला पुरुष. पाव पान आकार, रंगीत, मराठी आणि सेमी-इंग्रजी मिळून १२,००० प्रती, शिवाय शाळांसाठी ई-पुस्तक. परवान्याचे पैसे भरले आहेत, बिलही मिळाले आहे. अडले आहे ते फोटोखालच्या ओळीवर.

तुमच्या वेबसाइटवरची कॅप्शन सांगते: डावीकडून शोभा काळे, त्यांची मुलगी ऋतुजा आणि दीर सुनील. डाउनलोड केलेल्या फाइलच्या मेटाडेटात मात्र Person Shown या रकान्यात "Shobha Kale, Rutuja, Anil Kale" आहे आणि वर्णनात मुलीला niece म्हटले आहे. सुनील की अनिल, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मुलगी की पुतणी, हा तसा नाही, कारण रिलीजवर पालक म्हणून सही कोणाची हवी ते त्यावरच ठरते. ऋतुजा पुतणी असेल आणि सही शोभाताईंची असेल, तर तो कागद आमच्या वकिलांसमोर टिकणार नाही.

रिलीजबाबतही दोन ठिकाणी दोन उत्तरे आहेत. वेबसाइटवर 'मॉडेल रिलीज: उपलब्ध' असे दिसते, तर फाइलमध्ये Model Release Status समोर "Limited or Incomplete Model Releases" आहे. Minor Model Age Disclosure मध्ये "Age 14 or Under". तिघांपैकी नेमक्या कोणाचा रिलीज तुमच्याकडे आहे, कोणाचा नाही, आणि मुलीच्या वतीने कोणी कोणत्या नात्याने सही केली, हे कळवावे. जमल्यास त्या कागदांच्या स्कॅन प्रती पाठवा. पत्ता आणि फोन नंबर झाकून पाठवलेत तरी चालेल, आम्हाला फक्त नाव, नाते, तारीख आणि वापराची व्याप्ती बघायची आहे. व्याप्तीत शैक्षणिक छापील वापराबरोबर ई-पुस्तकही येते का, हे मुद्दाम पाहावे, जुन्या रिलीजमध्ये ते बऱ्याचदा राहून जाते. आणि फोटो फक्त एडिटोरियल वापरासाठी असेल तर तसे स्पष्ट सांगा. आतल्या पानाला त्याने अडचण नाही, पण आमचा विक्री विभाग हाच फोटो माहितीपत्रकावर मागतो आहे आणि त्यांना मला लेखी 'नाही' द्यावे लागेल.

आता एक गंमत. डावीकडून शोभा काळे असे लिहिले असताना आमच्या फाइलमध्ये डावीकडे पुरुष आहे. आधी वाटले, कॅप्शनच चुकली. मग आमच्या मांडणीकार ताईंनी दाखवले की शोभाताईंचा पदर उजव्या खांद्यावर आहे. मोठा करून पाहिले तर मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरची अक्षरे उलटी! म्हणजे फोटो आडवा पलटलेला आहे, कॅप्शनचा क्रम मूळ फोटोचा आहे आणि तो बरोबर आहे. मूळ, न पलटलेली फाइल कृपया पाठवा. पाचवीतली मुले असली अक्षरे आमच्या आधी शोधतात. दिनदर्शिकेवरच्या दुकानाचे नाव आम्ही आमच्याकडे धूसर करू. तेवढ्या बदलाला परवान्यात मुभा आहे ना, हेही सांगा. कारखाना घरातलाच दिसतो, तरी प्रॉपर्टी रिलीज घेतला असेल तर सोबत जोडा.

आणखी एक गोष्ट छायाचित्रकारांनाच विचारावी लागेल. इंग्रजी वर्णनात मुलगी पैठणी 'विणते आहे' असे आहे. मला तसे दिसत नाही. रंगीत रेशमाच्या तिल्ल्या सगळ्या शोभाताईंच्या हाताशी आहेत, पदरातला मोर अर्धा भरला आहे, आणि मुलीचा हात मागाच्या लाकडावर नुसता टेकलेला आहे. ती बघते आहे. हा शब्दांचा कीस नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्यापुरतीच सवलत आहे, तीही काम धोक्याचे नसेल तर. पाठ्यपुस्तकात मुलीच्या नावापुढे 'विणकर' छापले की शिक्षक आणि समीक्षक दोघेही विचारणार, आणि विचारायलाच हवे. म्हणून आमची ओळ सध्या अशी आहे: 'येवला (जि. नाशिक): पैठणीच्या पदरावर मोर विणताना शोभा काळे. शेजारी ऋतुजा.' नाते कळले की तेही घालू. छायाचित्रकारांना त्या दिवशीचे वेगळे काही आठवत असेल तर ओळ बदलू.

नावे कृपया देवनागरीत लिहून द्या, शक्यतो कुटुंबीय स्वतः लिहितात तशी. Kale वरून काळे की काले हे ठरत नाही, आणि Rutuja हे ऋतुजाही असते, रुतुजाही. आपल्या नावाचा ळ छापखान्यात गेलेला पाहणे कोणालाही आवडत नाही.

फोटो नोव्हेंबर २०१७ चा आहे. तेव्हा ती मुलगी दहा-बारा वर्षांची वाटते, म्हणजे आज ती बहुधा सज्ञान असेल. जुना रिलीज कागदावर पुरेसा असला तरी छायाचित्रकारांचा त्या कुटुंबाशी संपर्क असेल, तर पुस्तकात नावासह फोटो येतो आहे हे एकदा तिच्या कानावर घालावे, अशी विनंती आहे. तिला नाव नको असेल तर आम्ही ते काढू. 'पैठणी विणणारे येवल्यातील एक कुटुंब' एवढीच ओळ ठेवू. फोटोच नको असेल तर तेही सांगा, वाईट वाटणार नाही. मागाचा माणसांविना एक फोटो आम्ही बाजूला काढून ठेवला आहे, मात्र त्यात ही मजा नाही.

१९ तारखेला पाडवा आहे आणि २० ला सकाळी फाइल प्रेसला जायची आहे, म्हणून उत्तर १७ मार्च, मंगळवार संध्याकाळपर्यंत मिळाले तर बरे. सगळे एकदम जमत नसेल तर मुलीचा रिलीज आणि नाते एवढे आधी कळवा, बाकीचे मागाहून चालेल. तोपर्यंत काहीच हाती आले नाही, तर पृष्ठ ६३ वर तो दुसरा फोटो जाईल आणि या फोटोचे पैसे पुढच्या आवृत्तीकडे वळवता येतील का, ते आपण नंतर बोलू.

सोबत पृष्ठ ६३ ची पीडीएफ आणि मेटाडेटाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. फोटोश्रेय तुमच्या बिलावर आहे तसेच ठेवले आहे, छायाचित्रकारांचे नाव आधी, एजन्सीचे नंतर. त्यात बदल असल्यास तोही याच मेलवर सांगा.

आपली,
नेहा साळवी
चित्र संपादक, प्राथमिक पाठ्यपुस्तक विभाग, पुणे

ता. क. फोटो पलटल्याचे तुमच्या वेबसाइटवरही दिसते आहे. इतर कोणी घेण्याआधी तेवढे सुलटे करून टाका.