वाचनालयाची पुस्तकं आणि सोसायटीच्या वस्तू : रविवार, ६ सप्टेंबरपर्यंत परत द्याव्यात

नमस्कार मंडळी,

१४ सप्टेंबरला गणपती बसतात. मांडवाचं काम आदल्या आठवड्यात सुरू होईल आणि तेव्हा शिडी, ड्रिल, सतरंज्या हाताशी हव्यात. त्याच रविवारी वाचनालयाचं कपाटही रिकामं करून पुसायचं आहे. म्हणून पुस्तकं आणि वस्तू, दोन्हींची आठवण एकदमच करते आहे. नोंदवहीप्रमाणे आज कोणाकडे काय आहे ते खाली लिहिलंय. नावं फक्त वस्तू सापडाव्यात म्हणून दिली आहेत, कृपया कोणी मनाला लावून घेऊ नये.

पुस्तकं

ए-१०३ देशपांडेकाका : लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', जूनपासून. ए-४०२ च्या आजी यासाठी थांबल्या आहेत. त्यांना दुपारच्या उजेडातच वाचता येतं, त्यामुळे पुस्तक संपवायला त्यांना बरेच दिवस लागतील. काका, तुमचं वाचून व्हायचं असेल तर तसं सांगा. आजींचं झालं की पुन्हा पहिला नंबर तुमचाच.

बी-२०१ कुलकर्णी : कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. प्रमाण वाटी-चमच्याचं असल्यामुळे नवीन स्वयंपाक शिकणारे हेच पुस्तक मागतात, आत्ता दोघीजणी वाट बघताहेत. हळदीचे डाग पडले असतील तर पडू देत, पण सुटी झालेली पानं तेवढी आत नीट ठेवून द्या.

सी-३०४ अद्वैत : 'फास्टर फेणे'ची तीन पुस्तकं नेली होती, दोन परत आली. अद्वैत, फुरसुंगीच्या बन्याची गोष्ट आता बी विंगमधल्या दोन मुलांना वाचायची आहे. तिसरं पुस्तक दप्तरात किंवा गाडीच्या मागच्या सीटवर असेल, आईबाबांबरोबर बघ बरं.

बी-५०३ साठे : गेल्या वर्षीचे पाच दिवाळी अंक. नव्या अंकांची वर्गणी ऑक्टोबरमध्ये काढू, त्याआधी जुने परत हवेत.

वस्तू

शिडी ए-२०२ कडे, ड्रिल मशीन सी-१०१ कडे (६ आणि ८ एमएमची बिटंही सोबत द्यावीत, गेल्या खेपेला मशीन आलं आणि बिटं राहिली). दोन सतरंज्या सी-४०३ कडे, झांजांचा जोड ए-३०१ कडे. मोठं पातेलं बी-१०४ कडे आहे. प्रसादाचा शिरा त्यातच होतो, तेव्हा झाकणासकट यावं.

वॉकर बी-३०२ च्या आजींकडे आहे. तो परत मागत नाही. त्यांना लागेल तितके दिवस राहू दे. आणखी कोणाला गरज पडली तर मला कळवा, दुसऱ्याची सोय बघू.

पुस्तकांबद्दल एक कळकळीची विनंती. यंदाच्या पावसात खालच्या फळीवरच्या पुस्तकांना ओल लागली आहे. ओल आली की कसर लागते, आणि कसर बांधणीतली खळ खाते. मग पान धडधाकट दिसतं, पण पुस्तक उघडलं की पुठ्ठा हातात येतो. तुमच्या घरातलं पुस्तक दमट वाटलं तर कडक उन्हात ठेवू नका, पुठ्ठे वाकतात आणि कागद पिवळा पडतो. पानं थोडी उलगडून पुस्तक पंख्याखाली उभं करा, अधूनमधून पानं फिरवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका. तिचा गोंद कागदात मुरतो आणि पुढे डाग काही केल्या जात नाही. फाटकं पान तसंच आणा, पातळ कागद आणि खळ लावून इथे जोडू.

पुस्तक हरवलं असेल तरी तेवढं येऊन सांगा. दंड नाही. अप्पा बळवंत चौकात दुसरी प्रत मिळते का पाहू. मिळाली तर किंमत द्यावी, नाही मिळाली तर तुमच्या घरातलं एखादं चांगलं पुस्तक वाचनालयाला द्यावं. पण हरवल्याचं कळलंच नाही, तर मागणाऱ्याला मी महिनोन्महिने 'पुढच्या आठवड्यात देते' असं सांगत राहते, आणि वाट बघून तो मागायचंच सोडून देतो. ते मला फार लागतं.

रविवारी सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते ८ मी क्लबहाउसमध्ये आहे. वस्तू वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू नका, तिथे ठेवलं की नोंद राहून जाते. परत देताना वहीत आपल्या नावापुढे सही करा. गावाला जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी आणून दिलं तरी चालेल. ज्यांना जिने उतरणं जड जातं त्यांनी फक्त निरोप द्यावा, सी विंगमधली मुलं वर येऊन घेऊन जातील.

यादीत काही चुकलं असेल, वस्तू आधीच परत दिली असेल, तर लगेच सांगा, म्हणजे वही दुरुस्त करते.

— गोखलेकाकू, सी-२०४
(वाचनालय आणि वस्तूंची नोंद)