औद्योगिक क्रांती: एका पानात रिव्हिजन (ऋतूसाठी)

ऋतू, अख्खा चॅप्टर वाचायला आता वेळ नाहीये, हे पान दोनदा वाच. सनावळी घोकत बसू नकोस, एका शोधामुळे पुढचा का लागला ती साखळी पकड म्हणजे सनं आपोआप लक्षात राहतील.

इंग्लंडमध्येच आधी का? दगडी कोळसा आणि लोखंड दोन्ही मुबलक, व्यापारातून आलेलं भांडवल (त्यात गुलामांच्या मळ्यांचा पैसा आणि कापूसही आला, हे लिहायचंच), वसाहतींची बाजारपेठ, नद्या-कालवे, आणि शेतजमिनींना कुंपणं पडली तसे बरेच गरीब शेतकरी मजुरीकडे वळले.

कापडाची साखळी (सगळ्यात महत्त्वाचं!!) धावत्या धोट्याने विणकाम फास्ट झालं → सूत कमी पडायला लागलं → सूत कातायचं यंत्र, स्पिनिंग जेनी आली, एका चाकावर एकदम 8 चात्या → मग सूत इतकं झालं की माग मागे पडले → म्हणून यंत्रमाग.

वाफ: न्यूकोमेनचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायचं, पण दर फेऱ्याला तोच सिलिंडर थंड करायचा आणि परत तापवायचा, त्यामुळे कोळसा भयंकर जायचा. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं, सिलिंडर गरमच राहिला, कोळसा वाचला. म्हणजे वॉटने इंजिन "शोधलं" नाही, सुधारलं. इथे मार्क जातात.

टाइमलाइन
1709 – डार्बी, दगडी कोळशापासूनचा कोक वापरून लोखंड
1712 – न्यूकोमेनचं इंजिन
1733 – जॉन के, धावता धोटा
1764 च्या सुमारास – हारग्रीव्हज, स्पिनिंग जेनी
1769 – वॉटचं पेटंट, आर्कराइटच्या वॉटर फ्रेम या सूतकताई यंत्राचंही (एकच साल, दोन गोष्टी)
1771 – क्रॉमफर्डची सूतगिरणी, पाण्यावर चालणारी
1779 – क्रॉम्प्टन, म्यूल हे सूतकताईचं यंत्र
1785 – कार्टराइट, यंत्रमाग
1811 – लडाइट म्हणजे मशीनविरोधी कारागीर, त्यांची नॉटिंगहॅमशायरमध्ये मशीन फोडायला सुरुवात
1825 – स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे
1830 – लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे
1833 – फॅक्टरी कायदा
1842 – खाणीखाली बायका आणि 10 वर्षांखालच्या मुलांना बंदी

परिणाम: माल स्वस्त झाला, शहरं फुगली, 1851 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधली साधारण निम्मी माणसं शहरात होती. पण गिरणीत लहान पोरं चालू मशीनखाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायची, हे उत्तरात नक्की टाक, नुसतं "बालमजुरी वाढली" लिहून काहीच कळत नाही. 1833 च्या कायद्याने कापडगिरण्यांत 9 वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली, 9 ते 13 वाल्यांना आठवड्याला 48 तास, आणि तपासायला इन्स्पेक्टर नेमले, ते मात्र सुरुवातीला फक्त 4. लडाइट अडाणी होते म्हणून मशीन फोडत होते असं लिहू नकोस, कुशल कारागीर होते ते, मजुरी आणि काम हातातून जात होतं.

आपल्याकडे: मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने इथले विणकर मोडले. 1853 ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे, 1854 ला कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. "भारतावर परिणाम" आला तर दोन्ही बाजू लिही, विणकर आधी, गिरण्या नंतर.